पुराची बातमी आली अन् मित्राचा फोन बंद, तेव्हा पहिल्या दिवशी काय करायचं

प्रश्न: आमच्या गावचे बरेच जण नागपूर-पुण्याले कामाले आहेत. मागल्या पावसाळ्यात शहरात पाणी शिरल्याची बातमी पाहिली अन् माझ्या जिवलग मित्राले फोन लावला तर स्विच ऑफ. दीड दिवस बंद होता. मी साठ-सत्तर वेळा लावला असेल, त्याची माय रडून राहिली होती, शेवटी गाडी काढून निघालोच होतो तेवढ्यात त्याचा फोन आला. पुन्हा असं झालं तर नेमकं काय करायचं, कोणाले विचारायचं?

उत्तर:

भाऊ, मी महसूल खात्यात कारकून होतो, वैनगंगेकाठच्या एका तालुक्यात, आणि पावसाळा लागला की तहसीलच्या पूर नियंत्रण कक्षात माझी ड्युटी लागायची. टेबलावर एक लँडलाइन, एक जाडजूड रजिस्टर अन् रात्रभर फोन. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात वर धो धो पाऊस झाला, तिकडच्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं, आपल्याकडे गोसीखुर्द धरणाचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून खाली गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली, ते तीन दिवस मी त्या फोनवर होतो. तेव्हा उलटं चित्र होतं, पुण्याला हैदराबादला कामाला गेलेले आमचेच पोट्टे तिकडून फोन करत होते, साहेब माझे मायबाप गावात आहेत, फोन लागून नाही राहिला, काहीतरी सांगा. त्यामुळे फोन लावणाऱ्याचा जीव कसा होतो ते मला माहीत आहे, आणि कोणता फोन आला की आम्हाला काही करता यायचं अन् कोणत्या फोनवर नुसतं "बरं, लिहून घेतो" म्हणावं लागायचं तेही माहीत आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मित्राचा फोन बंद आहे म्हणजे मित्राच्या फोनला काहीतरी झालं, त्यातून एवढंच कळतं. पुरात सगळ्यात आधी मरतो तो फोनच. पाणी चढायला लागलं की महावितरणवाले स्वतःहून त्या भागाची लाइन बंद करतात, करंट पसरू नये म्हणून, आणि पाणी उतरलं तरी मीटर, डीपी तपासल्याशिवाय लगेच चालू करत नाहीत. म्हणजे चार्जिंग गेलं. मग टॉवर. टॉवरला बॅटरी असते पण ती काही तासांची, त्यानंतर जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल पोचवायचा रस्ताच पाण्याखाली असला तर तोही बंद. वरून त्या दिवशी आख्खं शहर आणि आख्खी गावं एकमेकांना फोन लावत असतात. एवढ्या सगळ्यात माणूस गच्चीवर बसून बिस्किट खात असला तरी त्याचा फोन दिवसभर बंद लागू शकतो, आणि मी बघितलं त्यात बहुतेक वेळा असंच निघालं.

म्हणून साठ वेळा त्याच नंबरवर लावण्यापेक्षा एक साधी परीक्षा करा. त्याच मोहल्ल्यातला दुसरा कोणताही नंबर लावून पाहा. मोबाइलच्या नकाशावर त्याचा एरिया उघडा, तिथं किराणा, मेडिकल स्टोअर, शाळा, मंगल कार्यालय, दवाखाना असं काहीतरी दिसतंच आणि बऱ्याच जणांनी नंबर टाकलेला असतो. तीन-चार नंबर लावा. त्यातला एकही लागला नाही तर बहुतेक तिथला टॉवर किंवा लाइट गेलेली आहे, आणि मग मित्राचा फोन लागत नाही यावरून त्याच्याबद्दल चांगलं-वाईट काहीच कळत नाही. पण शेजारचे नंबर धडाधड लागून राहिले आणि फक्त त्याचाच बंद आहे, तर मात्र पुढचं काम ताबडतोब हाती घ्यायचं. आणि लागलेला पहिला माणूस सोडायचा नाही, नम्रपणे दोनच प्रश्न विचारायचे, तुमच्या गल्लीत पाणी किती अन् कधी आलं, आणि लोकांना कुठं नेलं. दुकानदार सांगतात हो, मला आजवर कोणी झिडकारलं नाही.

फोनवर येणाऱ्या आवाजाचंही थोडं समजून घ्या. पूर्ण रिंग जाते आणि कोणी उचलत नाही, याचा अर्थ बहुतेक फोन चालू आहे, रेंजमध्ये आहे. मग माणूस झोपलाय, फोन सायलेंटवर आहे, धावपळीत आहे किंवा फोन त्याच्याजवळ नाही. स्विच ऑफ आणि कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर यातला फरक मात्र फार मनावर घेऊ नका, टॉवर पडला की कधी हे ऐकू येतं कधी ते. व्हॉट्सॲपवर एक टिक म्हणजे मेसेज त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, दोन टिक म्हणजे पोचला, पण त्यातही एक फसगत आहे. त्याचं व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर जोडलेलं असलं तर तिथं पोचूनही दोन टिक दिसतात, त्यामुळे नुसत्या दोन टिकवर त्याच्या मायला "बरा आहे" सांगू नका.

त्यापेक्षा साधा एसएमएस टाका, जुना, बिनाइंटरनेटचा. लोक हा विसरूनच गेले. कॉलला दोन्हीकडे सलग रेंज लागते, एसएमएसला क्षणभराची रेंज पुरते, आणि फोन बंद असला तर तो कंपनीकडे थांबून राहतो आणि फोन चालू झाला की जातो. मेसेजच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट चालू करून ठेवा, म्हणजे त्याचा फोन किती वाजता जिवंत झाला ते तुम्हाला त्यानं उत्तर नाही दिलं तरी कळेल. आणि मेसेज छोटा लिहा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, इंग्रजी अक्षरात १६० बसतात, त्याहून लांब लिहिला की त्याचे तुकडे होतात आणि खराब नेटवर्कमध्ये एखादा तुकडा अडकून बसतो. "बरा असशील तर फक्त १ पाठव. कुठं आहेस?" एवढंच. "काळजी वाटून राहिली रे, माय जेवली नाही" हे सगळं नंतर भेटल्यावर बोला. त्याच्या फोनमध्ये चार टक्के बॅटरी असेल तर त्याला एकच आकडा दाबता आला पाहिजे.

आता खरं काम. शहरातला पूर आपल्या नदीच्या पुरासारखा नसतो भाऊ. इथं नदी चढली की गावच्या गाव एकदम घेरलं जातं, शहरात एका गल्लीत छातीभर पाणी आणि दोन चौक सोडून लोक चहा पिऊन राहिलेले असतात. टीव्हीवर "नागपूर पाण्याखाली" म्हणतात तेव्हा आख्खं नागपूर पाण्याखाली नसतं. २३ सप्टेंबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठानं अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या झोपेतच घरात पाणी शिरलं, तिकडे सीताबर्डीच्या मोरभवन स्टँडवर एसटी गाड्या बुडाल्या. पण शहराचा कितीतरी भाग फक्त ओला झाला, बुडाला नाही. म्हणून दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडायच्या, पाणी कुठं अन् किती वाजता होतं, आणि माणूस कुठं अन् किती वाजेपर्यंत होता. त्याचा फोन कुठं होता हे नाही, माणूस कुठं होता. यासाठी एक कागद घ्या आणि लिहा. डोक्यात ठेवू नका, घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काही राहत नाही.

कागदावर काय पाहिजे ते सांगतो. आधारवरचं पूर्ण नाव आणि गावात ज्या नावानं हाक मारतात तेही. वय. खोलीचा पत्ता, जवळची खूण, आणि कितवा मजला, मजला फार महत्त्वाचा आहे, कारण तळमजल्याचा माणूस आणि दुसऱ्या मजल्यावरचा माणूस यांची काळजी वेगळी. सोबत खोलीत कोण. कामाचं ठिकाण, शिफ्ट कोणती. शेवटचं बोलणं कोणाशी, किती वाजता, तेव्हा तो कुठं होता. काही औषध चालू आहे का, शुगर, मिरगी असं. आणि मग त्याच्या आजूबाजूच्या माणसांचे नंबर, घरमालक, मेसवाला, ठेकेदार, सोबतचा कामगार, कॉलेजचा असेल तर होस्टेलचे रेक्टर.

हे सगळं कसं जुळून येतं ते त्याच २३ सप्टेंबरच्या एका प्रसंगावरून सांगतो, म्हणजे नीट कळेल. मी रिटायर होऊन गावीच होतो. शनिवार होता, सकाळी आठच्या सुमारास गावातली एक माउली घरी आली, पाठीमागं आठ-दहा माणसं. तिचा पोरगा नागपुरात एका खानावळीत कामाला, नाल्याच्या अंगाला तळमजल्यावरच्या खोलीत तिघं पोट्टे राहत होते. फोन स्विच ऑफ. घरमालकाचा नंबर कोणाजवळच नाही. मी आधी तिथल्या तीन दुकानांचे नंबर लावले, एकही लागला नाही, म्हणजे भागातच लाइट किंवा टॉवर नसावा हे कळलं आणि मी तिला तेवढंच सांगितलं, की मावशी तिकडं कोणाचाच फोन लागत नाही, एकट्या त्याचा बंद नाही.

मग तिचा बटनाचा फोन मागितला. बटनाच्या फोनवर फार कॉल येत नाहीत त्यामुळे जुने नंबर बरेच दिवस राहतात. पोळा १४ तारखेला झाला होता, त्या दिवशी पोरानं रिचार्ज संपलं म्हणून दुसऱ्याच्या फोनवरून मायला फोन केला होता, तो बिननावाचा नंबर तिथंच होता. तो खानावळीच्या मालकाचा निघाला. पण तोही बंद, मी एसएमएस टाकून ठेवला आणि दर पाऊण तासानं एकदा लावत राहिलो.

साडेअकराला तो लागला. म्हणाला, पोरांच्या खोलीत छातीभर पाणी होतं, गल्लीतल्या लोकांना मनपाच्या शाळेत नेलंय, मी आत्ताच तिथून आलो, दोन पोरं आहेत, तुमचा नाही दिसला.

हे वाक्य मी स्पीकरवर ऐकलं नाही, आणि हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. अशा वेळी स्पीकर लावायचा नाही. "नाही दिसला" एवढे दोन शब्द मायच्या कानावर पडले असते तर त्या अंगणात काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको, आणि नंतर मला पुढचा प्रश्न विचारायला शांतता मिळाली नसती. पुढचा प्रश्न हाच खरा होता, त्याला शेवटी कोणी पाहिलं अन् किती वाजता? मालकानं बाजूच्या पोराला फोन दिला. पोरगा म्हणाला, काका तो तर काल चार वाजताच गेला ना, महालक्ष्म्यांच्या जेवणाचं काम होतं, आचाऱ्यासोबत वाढायला गेला, रात्री पाऊस लागला तेव्हा आला नव्हता. अन् त्याचा मोबाइल? तो इथंच चार्जिंगले लावून गेला होता, गादीसंगं वाहून गेला असंन.

म्हणजे बघा, फोन बुडालेल्या खोलीत होता आणि माणूस शहराच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण, नागपुरात घरोघरी पंगती, आचाऱ्यांच्या हाताखाली असे कितीतरी पोट्टे जातात. आचाऱ्याचा नंबर खानावळवाल्याकडे होताच. तो लावला तर पूर्ण रिंग गेली, उचलला नाही, पण रिंग गेली म्हणजे त्याचा फोन चालू आहे, त्या भागात टॉवर आहे, हेच मोठं समाधान होतं. दुपारी एक-सव्वाच्या दरम्यान आचाऱ्यानं परत फोन केला, रात्रभर भांडी आवरून सगळे तिथंच झोपले होते, पोराला तर आपल्या खोलीचं काय झालं हेही माहीत नव्हतं. मायला त्याचा आवाज ऐकवला. ती खाली बसली आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

साडेअकरा ते एक या दीड तासात मी आणखी एक काम केलं होतं. आचारी सापडला नसता तर? म्हणून नियंत्रण कक्षात नाव नोंदवून ठेवलं. इथं लोक एक मोठी चूक करतात ते सांगतो. १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्ही आपल्या गावातून १०७७ लावला की तो तुमच्याच जिल्ह्यात वाजतो. २०२० ला असं किती जणांनी केलं, पुण्यात बसून १०७७ लावला आणि पुण्याच्या कक्षातल्या माणसाला वैनगंगेचा पूर विचारत बसले, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मित्र ज्या जिल्ह्यात आहे तिथला एसटीडी कोड लावून १०७७ करा, नागपूरचा ०७१२, नाही लागला तर त्या जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर आपत्ती व्यवस्थापनाचा लँडलाइन दिलेला असतो तो लावा. मोठ्या शहरात महानगरपालिकेचा आणि अग्निशमनचा वेगळा कक्ष असतो, बोटी आणि गल्लीतली माणसं काढायचं काम मुख्यतः तेच करतात, त्यामुळे शहरासाठी तो नंबर जास्त कामाचा. मंत्रालयातला राज्याचा कक्ष १०७०, पण तो सगळं बंद पडल्यावर. ११२ चं असं आहे की महाराष्ट्रात कुठूनही लावला तरी राज्याच्याच केंद्रात जातो आणि तिथून त्या त्या जिल्ह्याच्या पोलिसांना कळवतात, पण मित्र हैदराबादला असेल तर तुमचा ११२ हैदराबादला जाणार नाही, तेव्हा तिथल्या कक्षाचा लँडलाइनच शोधावा लागतो.

आणि ११२ कधी? मित्रानं स्वतः किंवा शेजाऱ्यानं सांगितलं की तो अडकलाय, पाणी चढून राहिलं, तेव्हा एक मिनिटही न थांबता. पत्ता, मजला, किती माणसं, त्यात म्हातारं-लेकरू-बाळंतीण आहे का, एवढं सांगायचं. नुसतं "फोन लागत नाही" यासाठी ११२ धरून ठेवू नका, त्या वेळी ती लाइन बुडणाऱ्या माणसाला लागते.

कक्षात फोन लागला की काय बोलायचं? मला दिवसाला शेकड्यानं फोन यायचे आणि त्यातले बहुतेक "साहेब तिकडची परिस्थिती कशी आहे" असे. याला उत्तर काय देणार, गंभीर आहे म्हणणार. कोणता माणूस बरा आहे, कोणता नाही, याची यादी कक्षात नसते, आमच्याकडे फक्त कुठं बोट गेली, कुठं नाही आणि लोकांना कोणत्या शाळेत ठेवलं हे असतं. म्हणून तेच विचारा. "अमुक लेआउट, अमुक मंदिराच्या मागची गल्ली, तिथं बोट पोचली का? त्या भागाचे लोक कोणत्या शाळेत आहेत? तिथं ड्युटीवर कोण आहे, त्यांचा नंबर मिळेल का?" असा फोन आला की आमचा हात आपोआप रजिस्टरकडे जायचा, कारण याचं उत्तर देता येतं. मग तुमच्या कागदावरची माहिती द्या, नाव, वय, मजला, शेवटची वेळ, तुमचा एकच नंबर. नोंद कितव्या क्रमांकावर झाली आणि घेणाऱ्याचं नाव काय ते लिहून ठेवा, दुसऱ्यांदा फोन कराल तेव्हा ड्युटी बदललेली असते.

निवारा शाळेतल्या यादीत नाव शोधताना पण एक अडचण असते. तिथं घाईत कुटुंबप्रमुखाचं नाव लिहितात आणि पुढं "सोबत ४" असा आकडा टाकतात. किंवा पोरगा घाबरून गावातलं नाव सांगतो, नाहीतर कोणी आडनावच चुकीचं लिहितं. म्हणून यादीत नाव नाही म्हणजे माणूस नाही असं समजू नका. ड्युटीवरच्या मास्तरांना विनंती करा की एकदा हाक मारून विचारा, अमुक गावचा कोणी आहे का. गावाच्या नावानं माणूस लवकर सापडतो, २०२० ला आम्ही असेच शोधले.

गावाकडची व्यवस्था लावणं हे तुमचं काम, मित्र म्हणून. फोन एकाच माणसानं करायचा. पन्नास जणांनी मित्राला फोन लावले तर दुपारी कोणाच्या तरी पॉवरबँकवर त्याचा फोन चालू होईल आणि पाच मिनिटांत पन्नास मिसकॉल-मेसेजच्या माऱ्यानं परत बंद पडेल, त्याला "मी शाळेत आहे" एवढं सांगायलाही बॅटरी उरणार नाही. म्हणून घरच्यांना, दोस्तांना, नातेवाइकांना सांगून टाका की हा कागद माझ्याजवळ आहे, कळलं की मी सगळ्यांना सांगतो, कोणी लावू नका. एकानं शेजारपाजारचे नंबर लावायचे, एकानं कक्षाचे, आणि एक जण मायजवळ बसून राहायचा, त्याच्या हातात फोन नसला तरी चालेल, खरं तर नसलेलाच बरा. कारण ग्रुपवर तोपर्यंत कुठले कुठले व्हिडिओ आणि मेलेल्यांच्या याद्या फिरायला लागतात, त्यातले कितीतरी जुन्या पुराचे, दुसऱ्याच शहराचे असतात. मृताचं नाव पोलिसांकडून किंवा दवाखान्यातून कळेपर्यंत घरात उच्चारायचं नाही.

मोठ्या अपघाताची बातमी असली तर मात्र सगळं वेगळं होतं, तिथं वाट पाहण्यात अर्थ नाही. पुरात माणूस आपल्या जागी असतो आणि फोन जातो, अपघातात माणूस हलवलेला असतो. आधी ठरवायचं की तो त्या गाडीत होता का. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस जळाली आणि २५ जीव गेले, आपल्या विदर्भातल्या कितीतरी घरांत त्या पहाटे हाच प्रश्न होता. ट्रॅव्हल्सच्या बुकिंगच्या यादीत तिकीट काढणाऱ्याचं नाव असतं, ते आयत्या वेळी दुसऱ्यालाच दिलेलं असू शकतं, वाटेत कोणी चढतं कोणी उतरतं, म्हणून यादीवर शंभर टक्के विसंबू नका, त्याला गाडीत बसवून द्यायला कोण गेलं होतं ते शोधा. रेल्वे असेल तर १३९, शिवाय रेल्वे त्या त्या स्टेशनचे खास नंबर जाहीर करते. दवाखान्यात फोन कराल तेव्हा कॅज्युअल्टी मागा आणि नावावर अडून बसू नका, बेशुद्ध माणसाची नोंद "अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०" अशी होते, म्हणून वय, अंगावरचे कपडे, गोंदण, जुन्या ऑपरेशनचा व्रण हे सांगा. आणि एका दवाखान्यात नाही म्हणाले की शोध संपत नाही, आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात नेतात आणि तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवतात, नागपूरच्या बाजूला असेल तर मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत विचारावं लागतं.

आता निघायचं कधी, कारण तुम्ही गाडी काढून निघालाच होतात. पाणी चालू असताना अन् रात्री नाही. शहरात पाऊस झालाय तर आपल्या वाटेवरचे नालेही भरलेलेच असतात, पुलावरून पाणी जात असताना गाडी घालून किती जण गेले ते आपण दरवर्षी वाचतो, आणि एका मायला रडताना पाहून निघालेला माणूस दुसरी माय रडायला लावतो. शिवाय पोचून करणार काय, गल्ली बंद, पोलीस आत सोडत नाहीत, तुमचीही बॅटरी संपलेली. निघायचं तेव्हा, जेव्हा पाणी उतरलंय, गल्लीतल्या किमान दोन-तीन माणसांशी बोलणं झालंय आणि पाणी आल्यानंतर त्याला पाहिलेलं कोणीच सापडत नाही. मग मात्र थांबू नका. सोबत त्याचा अलीकडचा फोटो छापून न्या, मोबाइलमधला पुरत नाही, आधारची प्रत, तो कागद, आणि घरचं एक माणूस. आधी निवारा शाळा, मग कॅज्युअल्टी, मग त्या भागाचं पोलीस ठाणं. मिसिंगची तक्रार द्यायला २४ तास थांबावं लागतं असा काही नियम नाही, कोणी तसं म्हटलं तर शांतपणे पण ठाम राहून नोंद करून घ्या आणि तिची प्रत मागा. शहरात जायला लगेच जमत नसेल तर आपल्या गावच्या ठाण्यातही तक्रार देता येते, ते तिकडं पाठवतात.

हे सगळं सोपं व्हायला एक नंबर आधीच जवळ असावा लागतो. मला त्या दिवशी तो पोळ्याच्या फोनमुळे मिळाला, नसता मिळाला तर मी काय केलं असतं याचा विचार मी अजूनही करतो. मित्र गावी येईल तेव्हा त्याच्या घरमालकाचा आणि कामावरच्या एकाचा नंबर लिहून घ्या, खोली कितव्या मजल्यावर ते विचारा, आणि त्याच्या घरी कॅलेंडरवर पेननं लिहून ठेवा. मोबाइलमध्ये नाही, कॅलेंडरवर, म्हणजे मायला वाचता येत नसलं तरी शेजारच्या पोरीला वाचता येतं.

आणि माणूस सापडला की जिथं जिथं नाव दिलं होतं तिथं परत फोन करून ते खोडायला सांगा. २०२० ला माझ्या रजिस्टरवर एका म्हाताऱ्याचं नाव दोन दिवस तसंच राहिलं होतं, त्यांच्या पोरानं पुण्याहून नोंदवलेलं. म्हातारबाबा पहिल्याच रात्री लेकीच्या गावी पोचले होते, पोराला कळलंही होतं, आम्हाला सांगायचं राहिलं. त्यांच्या घरावर आमची बोट दोनदा जाऊन आली होती.